गर्दीतला चेहरा उठून कसा दिसेल? बॅकग्राउंड न कापता फोटो सुधारण्याची पद्धत

सकाळचे सात. दादर पश्चिमेच्या फूलबाजारात एक बाई गजरे ओवत बसली आहे. निळी सुती साडी, मांडीवर मोगऱ्याची टोपली, नजर सुईवर. तिच्या मुलीने मोबाईलवर फोटो काढला, कारण आईच्या गजऱ्यांच्या ऑर्डर आता व्हॉट्सअॅपवर घ्यायच्या आहेत आणि पेजसाठी एक चांगला फोटो हवा आहे. फोटो पाहिला तर आई दिसतच नाही! दिसतो तो मागचा झेंडूचा पिवळाधमक ढीग, डोक्यावरची निळी ताडपत्री, शेजारची लाल बादली आणि कोपऱ्यात पेटलेली ट्यूबलाइट.

अशा वेळी बहुतेक जण बॅकग्राउंड कापून टाकतात आणि मागे एखादा साधा रंग लावतात. त्यात दोन तोटे आहेत. कापलेल्या कडांवर केस तुटल्यासारखे दिसतात. शिवाय बाजारच निघून गेला, तर ही बाई कुठे बसली आहे, काय करते आहे, हेही निघून जातं. पेजवर येणाऱ्या गिऱ्हाईकाला नेमकं तेच दिसायला हवं असतं. त्यामुळे बाजार फोटोत ठेवायचा, फक्त त्याला थोडं मागे सरकवायचं. त्यासाठी ‘लोकल अॅडजस्टमेंट’ वापरतात. म्हणजे संपूर्ण फोटोत बदल न करता ठरावीक भागाचाच उजेड आणि रंग कमीजास्त करायचा.

डोळा आधी कुठे जातो?

फोटो पाहताना नजर साधारणपणे सर्वांत उजळ जागेकडे, सर्वांत गडद रंगाकडे आणि जिथे काळं-पांढरं अगदी शेजारी आहे अशा कडांकडे ओढली जाते. माणसाचा चेहराही नजर खेचतो, पण या फोटोत तो सावलीत आहे. झेंडू मात्र उजळही आहे आणि रंगानेही भडक आहे. म्हणजे चेहऱ्याला दोन आघाड्यांवर हार पत्करावी लागते. उपायही दोन्हींवर हवा. बॅकग्राउंडचा उजेड कमी करायचा आणि रंगाची तीव्रता, म्हणजेच सॅच्युरेशन, उतरवायचं.

फक्त रंग उतरवून का भागत नाही?

इथेच अनेकांची फसगत होते. सॅच्युरेशन कमी केलं की रंग करड्याकडे जातो, पण त्याचा उजेड जवळपास तेवढाच राहतो. पिवळा हा मुळातच उजळ रंग. झेंडूचं सॅच्युरेशन पूर्ण उतरवलं, तर तो फिकट करडा, जवळजवळ पांढरट ढीग होतो. सावळ्या चेहऱ्याच्या मागे असा पांढरट ढीग आधीइतकाच खटकतो. गडद निळ्या ताडपत्रीचं उलट आहे. निळा मुळात काळोखा असल्यामुळे त्याचा रंग उतरवला की ती आपोआप गप्प बसते.

आता फक्त उजेड कमी करून पाहा. झेंडू गडद केशरी होतो आणि काळोखात त्याचा रंग उलट अधिक दाट वाटू लागतो. म्हणून दोन्ही स्लायडर बरोबरीने, पण थोडे थोडे हलवायचे. एकच स्लायडर टोकापर्यंत ओढण्यापेक्षा दोन अर्धे ओढलेले बरे.

प्रत्यक्ष कसं करायचं?

लाइटरूमच्या मोबाईल अॅपमध्ये हे काम ‘मास्किंग’मध्ये होतं. मास्क म्हणजे बदल कुठे लागू होईल ते ठरवणारा अदृश्य पडदा. स्नॅपसीड वापरत असाल तर त्यातल्या ब्रशने एक्स्पोजर आणि सॅच्युरेशन बोटाने रंगवून हाच परिणाम साधता येतो. पुढचे आकडे या एका फोटोपुरते आहेत. तुमच्या फोटोत ते बदलतील, पण क्रम तोच राहील.

पहिली पायरी मोठ्या गोलाची. ‘रेडियल ग्रेडियंट’ घेऊन चेहरा, हात आणि टोपली मावेल असा उभट अंडाकृती आकार काढायचा. सुरुवातीला बदल या आकाराच्या आत लागू होतो. ‘इन्व्हर्ट’ दाबलं की तो बाहेर लागू होतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. ‘फेदर’ म्हणजे कडेचा मऊपणा भरपूर ठेवायचा, साधारण ८० च्या पुढे. मग उजेड आणि काळोख यांच्यामध्ये रेघ दिसत नाही, तो हळूहळू उतरत जातो. आता एक्स्पोजर उणे ०.७० आणि सॅच्युरेशन उणे ३०. एक्स्पोजरमध्ये पूर्ण १ कमी करणं म्हणजे उजेड निम्मा करणं. ०.७० कमी केलं की साधारण साठ टक्के उजेड उरतो. बाजार दिसत राहतो, पण ओरडत नाही. जोडीला हायलाइट्स उणे ३० केले की झेंडूच्या पाकळ्यांवरची चमक बसते.

दुसरी पायरी दिशेची. या फोटोत उजेड डावीकडून, रस्त्याच्या बाजूने येतो. चारही बाजू सारख्याच काळ्या केल्या तर फोटो बोगद्यातून पाहिल्यासारखा वाटतो. त्यामुळे उजव्या कडेवरून आत येणारा एक ‘लिनियर ग्रेडियंट’ ओढून तिथे एक्स्पोजर आणखी ०.३० कमी करायचं आणि डावी बाजू तशीच सोडायची. सावली जिथे असायला हवी तिथेच वाढली, की बदल केला आहे हे कळत नाही.

तिसरी पायरी हट्टी डागांची. लाल बादली आणि टोपलीजवळची पांढरी पिशवी अजूनही डोळ्यात भरतात. त्यांच्यावर ब्रश फिरवायचा. बादलीसाठी सॅच्युरेशन उणे ५० आणि एक्स्पोजर उणे ०.४०, पिशवीसाठी फक्त एक्स्पोजर उणे ०.५०. पिशवी मुळातच पांढरी असल्यामुळे तिचं सॅच्युरेशन कमी करून काही हाती लागत नाही.

सर्वांत शेवटी चेहरा. त्यावर साध्या गोलाने एक्स्पोजर जेमतेम ०.२० वाढवायचं. यापेक्षा जास्त उचललं तर सावलीतल्या भागात रंगीत कण दिसू लागतात, विशेषतः मोबाईलच्या फोटोत. म्हणूनच चेहरा उजळण्यापेक्षा बॅकग्राउंड उतरवणं जास्त सुरक्षित असतं. फरक दोघांमधला वाढवायचा आहे, आणि तो कुठल्याही बाजूने वाढतो.

कुठे बिघडतं आणि ते कसं ओळखायचं?

पहिली चूक म्हणजे राखाडी गाल. मास्कची मऊ कड चेहऱ्यावर आली की त्वचेचा रंग उतरतो आणि माणूस आजारी दिसतो. मास्क ‘ओव्हरले’ चालू केला की तो कुठे पसरला आहे हे लाल रंगात दिसतं. गालावर, कानावर किंवा हातावर लाल आढळला, तर ‘सबट्रॅक्ट’ निवडून ब्रशने तेवढा भाग पुसून घ्यायचा.

दुसरी चूक म्हणजे प्रभावळ. डोक्याभोवती उजळ पट्टा दिसू लागला, तर देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखा फोटो दिसतो. गोल फार घट्ट असला किंवा फेदर कमी पडला की असं होतं. गोल थोडा मोठा करायचा, कड आणखी मऊ करायची. केसांभोवती ब्रशने बारीक कड काढत बसू नये. त्यात पुन्हा कापल्यासारखीच कड तयार होते, आणि तीच टाळायची होती.

तिसरी चूक कमी लक्षात येते. झेंडूवरून परावर्तित झालेला पिवळा उजेड बाईच्या हनुवटीवर आणि साडीच्या काठावर पडलेला असतो. मागचा झेंडू अगदी करडा केला, तर हनुवटीवरचा पिवळा उजेड कुठून आला, हे कोडं पडतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. म्हणून या फोटोत सॅच्युरेशन उणे ३० वर थांबवलं. झेंडू झेंडूच दिसायला हवा. तसंच ती बसली आहे ती गोणपाटाची जागाही थोडी उजेडात ठेवायची, नाहीतर ती हवेत तरंगते.

ट्यूबलाइटचं मात्र काही करता येत नाही. फोटोत जो भाग पूर्ण पांढरा जळाला आहे, तिथे तपशीलच नोंदलेला नसतो. तो काळा करायला गेलं तर चपटा राखाडी ठिपका उरतो, आणि पेटलेली ट्यूब राखाडी कशी, हा नवा प्रश्न उभा राहतो. इथे सरळ क्रॉप करून तो कोपरा बाहेर काढणं हाच उपाय. पुढच्या वेळी फोटो काढतानाच दोन पावलं सरकावं.

काम झालं का, हे तपासायचं कसं?

तीन सोप्या कसोट्या आहेत. एक, फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहा. फीडमध्ये किंवा पेजवर लोक तो जवळपास एवढाच पाहणार आहेत. आई लगेच दिसली तर काम झालं. दोन, फोटो तात्पुरता कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही चेहरा मागच्या ढिगापासून वेगळा दिसला तर उजेडाचं गणित जमलं. नाही दिसला, तर सगळा भार रंगावर पडला आहे असं समजा. तीन, पाच मिनिटं फोन बाजूला ठेवून पुन्हा पाहा. ‘मागे काळं का केलंय?’ असा प्रश्न मनात आला, तर सगळे आकडे एक तृतीयांश मागे घ्या. तपासताना स्क्रीनचा ब्राइटनेस मध्यावर ठेवा आणि डोळ्यांसाठीचा पिवळसर नाइट मोड बंद करा.

हे नेहमी चालतं का?

गजऱ्यांच्या पेजसाठी हा बदल अगदी योग्य आहे. बातमीच्या फोटोला मात्र वेगळा नियम लागतो. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या स्पर्धेत रंग किंवा उजेड बदलून बॅकग्राउंड किंवा त्यातली माणसं झाकून टाकणं मान्य नाही. तिथे मागे कोण उभं होतं, हाही पुरावा असतो. म्हणून घटनेचा फोटो शेअर करताना मागचा भाग इतका काळा करू नये, की तिथे कोण किंवा काय होतं हेच कळू नये.

आईच्या फोटोत मात्र सगळं जागेवर आहे. झेंडू आहे, ताडपत्री आहे, बाजार आहे. फक्त नजर आता आधी तिच्या चेहऱ्यावर जाते, मग हातातल्या गजऱ्यावर, आणि मग मागच्या बाजाराकडे.