जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ब्लूटूथ जोडताना



बऱ्याच घरांत कपाटावर किंवा माळ्यावर एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर पडून असतात. रेकॉर्ड प्लेअर केव्हाच गेलेला असतो, टेप बंद पडलेला असतो, आणि मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ते सगळंच भंगारात निघतं. पण जरा विचार करा. बंद पडला तो गाणं पुरवणारा भाग. आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर अनेकदा धडच असतात. आपली गाणी आता मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक डबी बसवली, की हीच जोडी पुन्हा गाऊ लागते. त्या डबीला ब्लूटूथ रिसीव्हर म्हणतात.

हिचं काम सोपं आहे. मोबाइलकडून येणारं गाणं ती हवेतून पकडते आणि टेपमधून निघायचा तसाच साधा विजेचा सिग्नल करून वायरीतून पुढे देते. अ‍ॅम्प्लिफायरला वाटतं, मागे टेपच लावलाय. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर उघडावा लागत नाही आणि आतल्या कशालाही हात लावावा लागत नाही. तो उघडायचाही नाही, कारण प्लग काढल्यावरही आत काही वेळ वीज साठलेली राहते.

दुकानात दोन वस्तू मागायच्या. एक रिसीव्हर. मागताना ‘रिसीव्हर’ हा शब्द नीट सांगा, कारण अगदी तशीच दिसणारी ‘ट्रान्समीटर’ नावाची डबीही मिळते आणि तिचं काम उलटं असतं. ती टीव्हीचा आवाज हेडफोनकडे पाठवते, आपल्या उपयोगाची नाही. काही डब्या दोन्ही कामं करतात. तिथे बाजूचा खटका रिसीव्हरकडे करायचा. दुसरी वस्तू म्हणजे वायर. तिच्या एका टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन जाड पिना असतात. या जाड पिनांना आरसीए पिन म्हणतात. रिसीव्हरला वीज लागते ती मोबाइलच्या साध्या चार्जरची, म्हणजे ५ व्होल्टची.

आता खरा महत्त्वाचा भाग. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे जोड्यांनी गोल सॉकेट असतात. सगळी दिसायला सारखी, पण आतून सारखी नसतात. ऑक्स, ट्यूनर, टेप आणि सीडी ही एका जातीची. या सॉकेटांना बऱ्यापैकी मोठा सिग्नल लागतो, साधारण अर्धा ते एक व्होल्ट, आणि आपला रिसीव्हर जवळपास तेवढाच देतो. म्हणून यांतलं कुठलंही चालतं. ट्यूनर लिहिलंय म्हणून तिथे रेडिओच लावला पाहिजे असं नाही.

फोनो हे सॉकेट मात्र निराळं. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी. तबकडीवरच्या सुईतून येणारा सिग्नल इतका बारीक असतो, की तो जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास भरतो. म्हणजे रिसीव्हरच्या सिग्नलच्या शंभराव्या भागाइतका. म्हणून फोनोच्या मागे तो सिग्नल वाढवणारा वेगळा भाग बसवलेला असतो. शिवाय तबकडी तयार करताना जाड आवाज कमी आणि बारीक आवाज जास्त करून कोरलेला असतो. फोनो त्याच्या उलट करतो, जाड आवाज वाढवतो आणि बारीक दाबतो. तिथे आपण रिसीव्हर लावला तर आधीच मोठा असलेला सिग्नल आणखी मोठा होतो आणि आवाज फाटतो. ढोल घुमतो, शब्द मात्र गोधडीखालून आल्यासारखे येतात. माइकच्या सॉकेटचंही असंच, तेही बारीक सिग्नलसाठी असतं. आणि स्पीकरच्या वायरी जिथे जोडतात तिथे तर रिसीव्हर कधीच लावायचा नाही. तिथून अ‍ॅम्प्लिफायरची ताकद बाहेर पडते, रिसीव्हर जळू शकतो.

यात फसायला का होतं, ते आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या घरी दिसलं. त्यांच्या सासऱ्यांनी हौसेनं घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. मागे तीनच जोड्या वापरण्याजोग्या. ट्यूनरला रेडिओ जोडलेला, टेपला बंद पडलेला टेप जोडलेला, आणि फोनो रिकामं, कारण रेकॉर्ड प्लेअर घरात राहिलाच नव्हता. भाच्यानं रिकामं दिसलं तिथे रिसीव्हर लावला. आवाज फाटका आला. ऐकणाऱ्यानं सांगितलं, ‘स्पीकर गेले, आता विकून टाका.’ भंगारवाल्याशी ५०० रुपयांत बोलणंही झालं होतं.

पण ताईंनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. रेडिओ लावला की तेच स्पीकर स्वच्छ वाजत होते. म्हणजे दोष स्पीकरचा नाही, अ‍ॅम्प्लिफायरचाही नाही; दोष जागेचा. मग आम्ही अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, प्लग काढला आणि मेलेल्या टेपच्या पिना पाहिल्या. टेपची सॉकेट दोन जोड्यांत असतात. एकीवर ‘प्ले’ किंवा ‘इन’ लिहिलेलं असतं, तिथून आवाज आत येतो. दुसरीवर ‘रेक’ किंवा ‘आउट’, तिथून रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर जातो. आपल्याला हवी ती ‘प्ले’ची जोडी. तिथल्या जुन्या पिना काढून रिसीव्हरच्या लावल्या, लाल लालमध्ये आणि पांढरी पांढऱ्यामध्ये. अ‍ॅम्प्लिफायरवर पांढऱ्याऐवजी काळं सॉकेट असलं तर पांढरी तिथे जाते.

अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला, तरी आवाज नाही. कारण साधं होतं. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘टेप मॉनिटर’ असं वेगळं बटण असतं, ते दाबल्याशिवाय टेपचा आवाज पुढे येत नाही. बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं, अगदी स्वच्छ. भंगारवाल्याला निरोप गेला, की येऊ नका.

तुमच्याकडे गोल आरसीए सॉकेटांऐवजी पाच छिद्रांचं एकच मोठं गोल सॉकेट असेल, तर त्याला डिन सॉकेट म्हणतात. त्यासाठी तयार वायर मिळते. ‘डिनमधून ऐकण्यासाठीची, रेकॉर्डिंगची नव्हे’ असं सांगून घ्यायची.

जोडणी करताना आवाजाचं बटण शून्यावर ठेवा. मग मोबाइलचं ब्लूटूथ सुरू करून यादीत रिसीव्हरचं नाव निवडा. मोबाइलचा आवाज जवळपास पूर्ण करा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा शून्यापासून हळूहळू वाढवा. उलट केलं, म्हणजे मोबाइल हळू आणि अ‍ॅम्प्लिफायर मोठा ठेवला, तर गाण्याबरोबर वायरीतली खरखरही मोठी होते. मोबाइल पूर्ण केल्यावर आवाज थोडा फाटला, तर दोन पायऱ्या खाली या.

गाणं थांबल्यावरही ‘हूं’ असा आवाज येत राहिला, तर त्याचं मूळ शोधता येतं. आधी अ‍ॅम्प्लिफायरचा निवडीचा खटका, ज्याला काही जोडलेलं नाही अशा लाइनच्या सॉकेटवर फिरवा. फोनोवर नको, कारण रिकामं फोनो स्वतःच थोडं गुणगुणतं. टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं असेल तर तेही सोडा. तिथेही ‘हूं’ येत असेल तर बिघाड अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आहे, तो जाणत्या मेकॅनिकला दाखवायचा. तिथे शांत असेल तर दोष रिसीव्हरच्या बाजूचा. मग रिसीव्हर चार्जरवरून काढून थोडा वेळ पॉवर बँकेवर लावा. ‘हूं’ गेलं तर कारण चार्जरमध्ये. एक तर दुसरा चांगला चार्जर वापरायचा, नाहीतर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाचा छोटा तुकडा वायरीमध्ये बसवायचा. कायमचा पॉवर बँकेवर ठेवू नका. रिसीव्हर इतकी कमी वीज ओढतो, की काही पॉवर बँकांना काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि त्या आपोआप बंद होतात.

एकाच स्पीकरमधून आवाज येत असेल, तर बॅलन्सचं बटण मधोमध आहे का ते पाहा. असेल तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मागची लाल आणि पांढरी पिन एकमेकींच्या जागी लावा. मुका स्पीकर बदलला, म्हणजे डावा मुका होता तो बोलू लागला आणि उजवा मुका झाला, तर दोष वायरीत किंवा रिसीव्हरमध्ये. तोच स्पीकर मुका राहिला तर दोष अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर किंवा त्याच्या वायरीत. नवी वायर घ्यायची की मेकॅनिक गाठायचा, ते असं पाच मिनिटांत कळतं.

रिसीव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या मागे किंवा लोखंडी कपाटात दडवू नका. पत्र्यामुळे सिग्नल अडतो आणि गाणं तुटक येतं. वायर थोडी लांब घेऊन डबी बाहेर ठेवा. मोकळ्या खोलीत साधारण १० मीटरपर्यंत अडचण येत नाही, मध्ये भिंत आली की अंतर कमी होतं. मोबाइलवर सिनेमा पाहत आवाज स्पीकरवर घेतला, तर ओठ आणि शब्द थोडे मागेपुढे होऊ शकतात. तो बिघाड नाही, हवेतून आवाज पाठवण्यात जाणारा वेळ आहे. नुसत्या गाण्याला त्याचा त्रास नाही.

शेवटचं, कार्यक्रमाच्या वेळी उपयोगी पडेल असं. गाणं चालू असताना फोन आला, तर काही रिसीव्हरवरून तुमचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जातं. मोबाइलच्या ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये रिसीव्हरच्या नावापुढच्या खुणेवर गेलं, की बऱ्याच मोबाइलवर कॉल आणि मीडिया असे वेगळे पर्याय दिसतात. कॉल बंद करा, मीडिया चालू ठेवा. आणि दुसऱ्या ताईंचा मोबाइल जोडायचा असेल, तर आधी तुमच्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. नाहीतर रिसीव्हर ओळखीच्या मोबाइललाच धरून बसतो आणि नव्याला दाद देत नाही.

तेव्हा घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर विकायच्या आधी त्याची पाठ एकदा उजेडात पाहून घ्या आणि कुठल्या सॉकेटवर काय लिहिलंय ते कागदावर उतरवा. ऑक्स, ट्यूनर, टेप किंवा सीडी यांतलं एकही सापडलं, तर डबी आणायला हरकत नाही.