बाहेर सोडलेल्या हवेत वायुकोशांपेक्षा जास्त ऑक्सिजन कसा?

श्वसनाच्या धड्यात एक तक्ता हमखास असतो. आत घेतलेली हवा, वायुकोशातली हवा आणि उच्छ्वासाची हवा, अशा तीन रकान्यांत वायूंचे आंशिक दाब मिलिमीटर पाऱ्यात दिलेले असतात. ऑक्सिजनचे आकडे साधारण असे: कोरड्या हवेत १५९, वायुकोशात १०४, उच्छ्वासात १२०. बहुतेक जण हे पाठ करतात आणि पुढे जातात. पण जरा थांबून बघा. वायुकोशात ऑक्सिजन १०४ वर आला, आणि तिथून बाहेर येईपर्यंत तो परत १२० झाला. वाटेत श्वासनलिकेत तर कुठे ऑक्सिजन तयार होत नाही, मग हा वाढला कसा?

तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारला की गोंधळ उडतो. उत्तर एका वाक्याचं आहे खरं तर, पण त्या वाक्याआधी दोन पायऱ्या नीट समजायला हव्यात.

पहिली पायरी म्हणजे पाण्याची वाफ. आंशिक दाब म्हणजे मिश्रणाच्या एकूण दाबातला त्या वायूचा वाटा. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी आणि कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के, म्हणून ७६० × ०.२०९३ = १५९. पण ही हवा नाकातून श्वासनलिकेत उतरेपर्यंत ३७ अंशांना तापते आणि वाफेने पूर्ण भरते. ३७ अंशांना संपृक्त वाफेचा दाब ४७ मिमी असतो. छातीतला एकूण दाब काही वाढत नाही, त्यामुळे वाफेने घेतलेली ४७ ची जागा बाकीच्या वायूंच्या वाट्यातून जाते. उरले ७१३. त्याचे २०.९३ टक्के म्हणजे १४९. म्हणजे फुप्फुसात शिरण्याआधीच दहा मिमी गेले, आणि अजून एक रेणूही रक्तात गेलेला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हे ४७ फक्त तापमानावर ठरतात, बाहेरच्या हवेच्या दाबावर नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ मध्ये हवेचा दाब मोजला तेव्हा तो २५३ मिमी भरला. तिथेही वाफ आपले ४७ घेतेच, आणि श्वासनलिकेत ऑक्सिजनसाठी जेमतेम ४३ मिमी उरतात.

दुसरी पायरी वायुकोशात. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण २५० मिलि ऑक्सिजन घेतो आणि २०० मिलि कार्बन डायऑक्साइड सोडतो. २०० भागिले २५० म्हणजे ०.८, याला श्वसन गुणोत्तर म्हणतात. वायुकोशात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिमी आहे. आत येणाऱ्या हवेत तो जवळपास शून्य होता, म्हणजे हे सगळे ४० रक्तातून आले. आता, दर ०.८ भाग कार्बन डायऑक्साइड आत येताना १ भाग ऑक्सिजन बाहेर गेलेला असतो. तर ४० आले असतील तेव्हा ४० ÷ ०.८ = ५० गेले असणार. १४९ मधून ५० वजा, राहिले ९९. सूत्र म्हणून लिहायचं तर:

```
PAO2 = (PB - 47) × FIO2 - PACO2 / R
```

PB हा हवेचा दाब, FIO2 म्हणजे आत घेतलेल्या कोरड्या हवेतला ऑक्सिजनचा अंश आणि R हे श्वसन गुणोत्तर. काही पुस्तकांत वायुकोशाचा आकडा १०० असतो आणि काहींत १०४, त्यावरून वाद घालू नका. R ०.८ ऐवजी ०.९ धरला की हाच हिशोब १०४-१०५ वर जातो. शिवाय वर दिलेलं सूत्र सोपं केलेलं आहे; पूर्ण सूत्रात एक छोटी दुरुस्ती असते, तिने एक-दोन मिमीचा फरक पडतो.

(जाता जाता: नायट्रोजन रक्तात जात-येत नाही, तरी वायुकोशात त्याचा दाब श्वासनलिकेपेक्षा थोडा वाढलेला दिसतो. कारण तेच. २५० गेले आणि २०० आले, मिश्रण आकसलं, त्यामुळे न हललेल्याचा वाटा वाढला.)

आता मूळ प्रश्न. आपण एका श्वासात ५०० मिलि हवा घेतो, पण ती सगळी वायुकोशात पोचत नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांत साधारण १५० मिलि हवा अडकून राहते. या नळ्यांच्या भिंतींतून वायूंची देवाणघेवाण होत नाही, म्हणून या जागेला डेड स्पेस म्हणतात. श्वास सोडताना आधी ही १५० मिलि बाहेर पडते, जशी आत गेली तशीच, फक्त गरम आणि ओली होऊन. तिच्यात ऑक्सिजन १४९ आहे. मागून वायुकोशातली ३५० मिलि येते, जिच्यात १०० आहे. दोन्ही एकत्र केलं तर (१५० × १४९ + ३५० × १००) ÷ ५०० = ११५ च्या आसपास. कार्बन डायऑक्साइडचंही तसंच: १५० मिलिमध्ये शून्य, ३५० मध्ये ४०, सरासरी २८. पुस्तकात वायुकोशासाठी १०४ धरलेले असतात, म्हणून तिथे उच्छ्वासाचा आकडा १२० च्या जवळ जातो. थोडक्यात, उच्छ्वास म्हणजे न वापरलेली आणि वापरलेली हवा यांची भेसळ आहे.

भेसळ आहे म्हटल्यावर प्रमाण काढता येणारच. क्रिस्टियन बोर यांनी १८९१ मध्ये हाच विचार उलटा केला. वायुकोशात कार्बन डायऑक्साइड किती आणि एकूण उच्छ्वासात किती हे माहीत असेल, तर डेड स्पेस किती ते मिळतं: (४० − २८) ÷ ४० = ०.३, म्हणजे श्वासाच्या ३० टक्के, ५०० मिलिचे १५०. अडचण एवढीच की वायुकोशातली हवा आणायची कुठून? हॉल्डेन आणि प्रिस्टली यांनी १९०५ मध्ये साधा उपाय वापरला. माणसाने लांब नळीत जोरात पूर्ण श्वास सोडायचा, आणि नळीत शेवटी राहिलेल्या हवेचा नमुना तोंडाजवळून घ्यायचा. डेड स्पेसची हवा पुढे निघून गेलेली असते, शेवटी येते ती वायुकोशातली. आजचा कॅप्नोग्राफ तत्त्वाने हेच करतो. तो प्रत्येक श्वासात कार्बन डायऑक्साइडची रेषा काढतो. सुरुवातीला शून्य, मग चढण, मग जवळजवळ सपाट पठार. पठाराच्या शेवटचा आकडा आपण वायुकोशाचा धरतो.

आता हे प्रयोगशाळेत आणू या. समजा तुम्ही पुण्यात आहात. समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर हवेचा दाब ७६० नसतो, ७११ च्या आसपास असतो. निरोगी तरुण व्यक्ती शांत बसलेली आहे. पठाराच्या शेवटी कार्बन डायऑक्साइड ५.७ टक्के आला आणि डग्लस बॅगेत गोळा केलेल्या उच्छ्वासात ४.० टक्के. बहुतेक विश्लेषक नमुना आधी कोरडा करतात, म्हणून हे टक्के कोरड्या वायूचे आहेत. याचा अर्थ त्यांना ७११ ने नाही, ७११ − ४७ = ६६४ ने गुणायचं. वायुकोशात कार्बन डायऑक्साइड ३८ मिमी. श्वासनलिकेत ऑक्सिजन ६६४ × ०.२०९३ = १३९. त्यातून ३८ ÷ ०.८, म्हणजे ४७.५ वजा केले की वायुकोशात ९१.५ मिमी. डेड स्पेस (५.७ − ४.०) ÷ ५.७, म्हणजे पुन्हा ३० टक्क्यांच्या आसपास.

आणि इथे कोणी सवयीने ७६० घातले तर? श्वासनलिकेत १४९, कार्बन डायऑक्साइड जवळपास ४१, वायुकोशात ऑक्सिजन ९८. साडेसहा मिमीचा फरक. गंमत म्हणजे डेड स्पेसचं उत्तर बदलत नाही, कारण भागाकारात दाब वरून आणि खालून कटतो. त्यामुळे चूक लपून राहते. ती बाहेर येते धमनीतल्या रक्ताशी तुलना करताना. समजा धमनीतला ऑक्सिजन ८५ मिमी आला. खरा फरक ९१.५ − ८५ = ६.५, तरुण माणसात अगदी सामान्य. ७६० च्या हिशोबात तोच फरक १३. म्हणजे चांगल्या फुप्फुसात वायूंची देवाणघेवाण बिघडल्यासारखी दिसते, आणि ती गटातल्या सगळ्यांचीच दिसते. सगळेच निरोगी लोक एकाच दिशेने, साधारण सारख्याच आकड्याने आजारी दिसायला लागले की आधी दाबाचा आकडा तपासा.

यात एक सापळा फार फसवा आहे. फोनवरचं हवामान ॲप पुण्यासाठी १०१० हेक्टोपास्कलसारखा आकडा दाखवतं, म्हणजे ७५८ मिमी. तो मोजलेला दाब नसतो, समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, कारण हवामानशास्त्राला वेगवेगळ्या उंचीची ठिकाणं एकमेकांशी ताडून बघायची असतात. श्वसनाला तुमच्या खोलीतला दाब लागतो. तो प्रयोगशाळेतल्या बॅरोमीटरवर त्या दिवशी वाचून वहीत लिहा.

दुसरी नेहमीची गडबड माणसाची असते, यंत्राची नाही. तोंडात नळी आणि नाकाला चिमटा लावला की नवखी व्यक्ती जोरजोरात श्वास घेते. वायुकोशातला कार्बन डायऑक्साइड ४० वरून ३० वर येतो, ऑक्सिजन वाढतो, आणि R काही मिनिटं १ च्याही वर जातो, कारण शरीरात साठलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघत असतो. अशा वेळी सूत्रात ०.८ घालणं चूकच. वायुकोशातला साठा मोठा असतो. शांत उच्छ्वासानंतरही फुप्फुसात दोन लिटरहून जास्त हवा उरते आणि प्रत्येक श्वासात ताजी हवा येते फक्त ३५० मिलि. पण तो साठा मिनिट-दोन मिनिटांत स्थिर होतो. रक्त आणि ऊतींमधला कार्बन डायऑक्साइडचा साठा त्यापेक्षा खूप मोठा, त्याला वेळ लागतो. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसू द्यायचं, आणि पठार व R स्थिर झाल्यावरच बॅग उघडायची.

बॅग गळकी असेल तर खोलीतली हवा मिसळून कार्बन डायऑक्साइड कमी येतो आणि डेड स्पेस फुगलेली दिसते. निरोगी तरुणात शांत बसून ४५ टक्के आली तर फुप्फुसांआधी बॅगेचा व्हॉल्व्ह बघा. उलट बॅगेतला आकडा पठाराच्या शेवटापेक्षा जास्त आला, तर नमुना घेण्यात नाहीतर विश्लेषकाच्या कॅलिब्रेशनमध्ये काहीतरी चुकलंय. भेसळ कधी मूळ मालापेक्षा दाट नसते.

हे सगळं निरोगी फुप्फुसांपुरतं. ज्यांच्या फुप्फुसाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने रिकामे होतात, उदाहरणार्थ सीओपीडीच्या रुग्णांत, तिथे कॅप्नोग्राफवर पठार सपाट राहत नाही, श्वास संपेपर्यंत रेषा चढतच असते. मग पठाराचा शेवट म्हणजे वायुकोशाची सरासरी असं म्हणता येत नाही, आणि बोर यांच्या हिशोबात धमनीतल्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड घालावा लागतो. १९३८ मध्ये एंगॉफ यांनी सुचवलेला बदल तो हाच.