पाटीवरचं वाक्य आणि वहीतला आकडा

अभियांत्रिकी महाविद्यालयात कुठल्याही विभागाच्या दाराशी दोन चौकटी दिसतात: व्हिजन आणि मिशन. 'एनबीए' या मानांकन संस्थेकडे अर्ज करताना विभागाला ही विधानं द्यावीच लागतात, म्हणून समिती यायच्या आधी ती घाईघाईनं लिहिली जातात. 'जागतिक दर्जाचं, मूल्याधिष्ठित शिक्षण देऊन सक्षम अभियंते घडवणे.' आता विभागाचं नाव हातानं झाका. हा विभाग स्थापत्यचा की संगणकाचा, कळतं का? नसेल कळत, तर ते वाक्य कोणाचंच नाही.

व्हिजन म्हणजे दूरवर काय दिसायला हवं ते, आणि मिशन म्हणजे त्यासाठी आपण कोणासाठी काय करणार ते. समजा, तालुक्याच्या गावी स्थापत्य विभाग आहे. त्याचं व्हिजन असं होईल: 'या जिल्ह्यातले रस्ते, पूल आणि पाणीयोजना बांधणारे, सांभाळणारे अभियंते इथूनच तयार व्हावेत.' आणि मिशनमधलं एक वाक्य: 'प्रत्येक विद्यार्थी पदवीआधी चालू बांधकामावर काम करील आणि काँक्रीटची चाचणी स्वतःच्या हातानं करील.'

या वाक्यात आकडा नाही, आणि नसावाच. मिशन चार-पाच वर्षं टिकायला हवं, आकडा दरवर्षी हलतो. म्हणून आकडे खालच्या पानावर ठेवावेत. तिथं पहिला आकडा आजचा लिहावा. समजा, ६० जणांच्या वर्गातले २२ विद्यार्थीच चार आठवडे साइटवर होते. तीन वर्षांत ते ४५ व्हावेत, असं ठरवलं. ४५ का? जवळपास चालू असलेली कामं मोजली, तर तेवढ्यांचीच सोय होते म्हणून. नुसतं '१०० टक्के' लिहिणं सोपं असतं, पण त्यामागे अशी मोजणी क्वचितच असते.

इथंच गोची होते. साइटवर गेलेल्यांची संख्या मोजायला लागलं की लेटरहेडवरची प्रमाणपत्रं जमा होऊ लागतात. काका कंत्राटदार असले की झालं! म्हणून प्रमाणपत्र मोजू नये, काम मोजावं. विद्यार्थ्यानं १५० मिलिमीटरचे क्यूब भरले असतील, तर भरल्याची तारीख, ७ दिवसांचा निकाल आणि २८ दिवसांचा निकाल त्याच्या वहीत असतो. चार आठवड्यांच्या मुक्कामात हे नेमकं बसतं. सगळ्या क्यूबांची ताकद एकसारखी लिहिलेली दिसली, की वही घरी बसून भरली हे अनुभवी शिक्षकाला लगेच कळतं.

आणखी एक. नोकऱ्या किती लागल्या, हा आकडा मोहात पाडतो, पण तो बाजारावर चालतो. मंदीच्या वर्षी चांगला विभागही त्यात नापास होईल. तो नोंदवावा जरूर, पण मिशनचं यश त्यावर ठरवू नये.

त्या पानावर शेवटी एका शिक्षकाचं नाव लागतं: दर जूनमध्ये वह्या तपासून आकडा लिहिणाऱ्याचं. ते नाव नसेल, तर चौकट रंगवायची घाई करू नका.