ठणठणीत आचारी आणि भिंतीवरचा दाखला

हॉटेलात गल्ल्यामागे अन्न परवाना टांगलेला असतो, शेजारी कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे दाखले असतात आणि बेसिनवर ‘हात स्वच्छ धुवा’ अशी पाटी असते. एवढं दिसलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं आणि मालकही. दाखला आणि पाटी, दोन्ही हवीतच. पण टायफॉइड आणि कावीळ अन्नातून पसरतात, त्या वाटा या दोन्हींना वळसा घालून जातात. त्या समजून घेण्यासाठी पाच समजुती तपासून पाहू.

गैरसमज १ : रोग आजारी माणसाकडून येतो. आचारी धडधाकट असेल तर धोका नाही.

वस्तुस्थिती : ही समजूत मोडणारी घटना न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे इथे घडली. १९०६ च्या उन्हाळ्यात एका बँकरचं कुटुंब तिथे भाड्याच्या घरात राहायला आलं होतं. घरात नोकरांसह ११ माणसं होती आणि ऑगस्टअखेरीपासून त्यांतल्या ६ जणांना टायफॉइड झाला. पाणी, दूध, शौचकूप असं सगळं तपासूनही काही सापडलं नाही, तेव्हा घरमालकाने जॉर्ज सोपर या स्वच्छता-अभियंत्याला बोलावलं. पहिला रुग्ण आढळण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती, हे त्याच्या लक्षात आलं. ती होती मेरी मॅलन. टायफॉइडचे जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे हा हिशेब जुळत होता. सोपरने तिच्या आधीच्या नोकऱ्यांचा माग काढला, तर ८ पैकी ७ कुटुंबांत टायफॉइड होऊन गेलेला. मेरी स्वतः मात्र ठणठणीत होती आणि ‘मला हा ताप कधी आलाच नाही’ असं ठामपणे सांगत होती.

यामागचं कारण पित्ताशयात आहे. टायफॉइड बरा झाला तरी शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू मुक्काम ठोकतात. तिथे खडे असतील तर त्यांवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. तिथून ते पित्तावाटे आतड्यात आणि शौचावाटे बाहेर येत राहतात, कधी कधी आयुष्यभर. वर्षाहून अधिक काळ असं चालू राहिलं, तर त्या माणसाला कायमचा वाहक म्हणतात. त्याला ताप नसतो, पोटदुखी नसते, भूकही उत्तम लागते. काहींच्या बाबतीत मूळ आजार इतका सौम्य असतो की तो झाल्याचं आठवतही नाही.

गैरसमज २ : तपासणी झाली, ‘विडाल’ निगेटिव्ह आली. आता वर्षभर चिंता नाही.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ठरलेल्या नमुन्यात शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा, आतड्यांच्या तापांविरुद्धची लस आणि संशय आल्यास पुढची चाचणी, असे रकाने असतात. त्वचेवर वाहती जखम असेल, डोळे पिवळे असतील तर ते यात कळतं. वाहक सहसा कळत नाही, कारण संशय यावा असं त्याच्यात काहीच नसतं.

पुष्कळ ठिकाणी या तपासणीत रक्ताची ‘विडाल’ करून घेतात. ही चाचणी जंतू शोधत नाही. जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं ती मोजते. टायफॉइड सर्रास असलेल्या आपल्या भागात पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येते, आणि जुना वाहक तिच्यातून निसटूनही जातो. वाहक पकडायचा तर शौचाच्या नमुन्यातून जंतू वाढवून पाहावे लागतात, म्हणजे कल्चर करावं लागतं.

तेही एकदा करून भागत नाही. मेरीला १९०७ मध्ये ताब्यात घेऊन एका बेटावरच्या रुग्णालयाच्या आवारात ठेवलं, तेव्हा तिचे १६३ नमुने तपासले गेले आणि त्यांतले १२० पॉझिटिव्ह आले. म्हणजे जिच्या अंगात जंतू आहेत हे पक्कं ठाऊक होतं, तिचाही चारातला एक नमुना ‘स्वच्छ’ निघत होता. जंतू रोज सारखे बाहेर पडत नाहीत. काही दिवस भरपूर पडतात, काही दिवस अजिबात नाही. स्वच्छ दिवशी तपासणी झाली असती, तर मेरीलाही दाखला मिळाला असता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८९ च्या अहवालात हेच मांडलं होतं : अन्न हाताळणाऱ्यांची सरसकट, ठरावीक काळाने होणारी वैद्यकीय तपासणी अन्नातून पसरणारे रोग फारसे रोखू शकत नाही. दाखला त्या दिवसापुरता खरा असतो. पुढच्या आठवड्यात काय होईल, हे तो सांगू शकत नाही.

गैरसमज ३ : कावीळ ती कावीळच. ‘वाहक’ निघाला की स्वयंपाकघरातून काढून टाका.

वस्तुस्थिती : इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि तिच्यापायी माणसांच्या नोकऱ्या जातात. ज्याला लोक ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, तो हिपॅटायटिस बी बहुधा रक्ततपासणीत सापडतो. त्याचे वर्षानुवर्षांचे वाहक असतात हे खरं. पण तो पसरतो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. जेवण वाढण्यातून किंवा एका ताटात जेवण्यातून तो होत नाही. बोट कापलं तर पट्टी बांधायची आणि रक्त लागलेलं अन्न टाकून द्यायचं, हे सगळ्यांनाच लागू आहे. त्यापलीकडे अशा माणसाला भटारखान्यातून हाकलण्याला वैद्यकीय आधार नाही. हिपॅटायटिस सी चंही तेच.

अन्नपाण्यातून येतात ते ए आणि ई. आपल्याकडे ई प्रामुख्याने दूषित पाण्यातून पसरतो. हातांवरून थेट पदार्थात जाण्याचा धोका ए चा अधिक. ए चा कायमचा वाहक नसतो, माणूस बरा झाला की विषाणू जातो. पण त्याची चलाखी वेळेत आहे. संसर्ग झाल्यावर डोळे पिवळे व्हायला सरासरी चार आठवडे लागतात आणि शौचावाटे सर्वाधिक विषाणू बाहेर पडतात ते डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. तेव्हा माणूस फार तर ‘जरा कसकस वाटतंय, जेवण जात नाही’ म्हणत कामावर येत असतो. कावीळ झाल्याचं कळून त्याला घरी पाठवलं जातं, तोवर धोक्याचा मोठा काळ उलटलेला असतो. लहान मुलांमध्ये तर बहुतेकदा कावीळ दिसतच नाही, त्यामुळे घरातलं खेळतं-बागडतं पोरही आचाऱ्याला हा आजार देऊ शकतं.

गैरसमज ४ : साबणाने हात धुतले, हातमोजे घातले की झालं.

वस्तुस्थिती : हात धुण्याने धोका खूप कमी होतो, संपत नाही. एक ढोबळ हिशेब करू. हिपॅटायटिस ए च्या रुग्णाच्या एक ग्रॅम शौचात दहा कोटी विषाणू धरले, तर नखाखाली राहिलेल्या एक मिलिग्रॅम मळात, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या कणात, एक लाख विषाणू होतात. उत्तम हात धुऊन त्यांतले ९९ टक्के गेले तरी एक हजार उरतात. संसर्गाला मात्र दहा ते शंभर विषाणू पुरे होतात असं मानलं जातं. त्यात हा विषाणू चिवट आहे. तो हातावर काही तास टिकतो आणि स्पिरिटच्या सॅनिटायझरला सहज दाद देत नाही.

टायफॉइडचं गणित वेगळं आहे. आजारी पाडायला त्याचे जंतू बरेच जास्त लागतात, पण ते अन्नात वाढतात. हातावरून थोडेसे पडले आणि चटणी किंवा दुधाचा पदार्थ उन्हाळ्याच्या दुपारी तसाच ओट्यावर राहिला, की उरलेलं काम जंतू स्वतः करतात. फ्रिजमध्ये त्यांची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. बर्फातही ते तग धरतात. विषाणू अन्नात वाढत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत फ्रिजचा तेवढाही उपयोग नाही.

दोघेही शरण येतात ते उष्णतेला. हिपॅटायटिस ए सुद्धा ८५ अंश सेल्सिअसला एक मिनिटात निकामी होतो. म्हणून प्रश्न ‘हात धुतला का’ एवढाच नाही, ‘चुलीवरून उतरल्यानंतर पदार्थाला हात लागला का’ हा त्याहून मोठा प्रश्न आहे. मिसळीचा उकळता रस्सा सुरक्षित असतो. पण त्यावर चिमटीने पडणारा कांदा, कोथिंबीर आणि पिळलेलं लिंबू यांना आच लागलेलीच नसते. पाणीपुरीचं पाणी, कोशिंबीर, ताक, बर्फाचा गोळा यांचंही तसंच. ऑयस्टर बेच्या घरातही सोपरचा संशय गेला तो गरम जेवणावर नाही, तर ताजी पीच फळं चिरून घातलेल्या आइस्क्रीमवर.

कांदा-कोथिंबिरीला चिमटा किंवा डाव वापरला तर ही वाट बरीचशी बंद होते. हातमोजे त्याच हाताने सुटे पैसे आणि फडकं धरत असतील तर उपयोगाचे नाहीत. आणि ज्या टाकीच्या पाण्याने हात धुतो, कोथिंबीर धुतो, त्या टाकीतच गटाराचं पाणी झिरपत असेल, तर स्वच्छ हातही काही वाचवू शकत नाहीत. पाणी उकळलेलं किंवा पुरेसं क्लोरिन असलेलंच हवं.

गैरसमज ५ : ताप उतरला, माणूस कामावर यायला मोकळा.

वस्तुस्थिती : ताप उतरणं आणि जंतू संपणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. टायफॉइडनंतर आचाऱ्याला भटारखान्यात परत घेण्याआधी, प्रतिजैविकं संपल्यावर काही दिवस थांबून, अंतराअंतराने घेतलेले तीन शौच-नमुने कल्चरमध्ये स्वच्छ यावेत, अशी पद्धत अनेक देशांत आहे. सरसकट सगळ्यांच्या तपासणीवर खर्च करण्यापेक्षा नेमक्या या माणसाच्या तीन तपासण्या कितीतरी मोलाच्या. तो वाहक निघाला तर योग्य प्रतिजैविकाचा सुमारे चार आठवड्यांचा कोर्स असतो. पित्ताशयात खडे असतील तर पित्ताशय काढण्याचा विचार डॉक्टर करतात. हिपॅटायटिस ए मध्ये डोळे पिवळे झाल्यापासून किमान सात दिवस अन्नाला हात लावू नये. गळ्यात माळ घालून ‘कावीळ उतरवली’ म्हणून हा काळ कमी होत नाही.

लसीने यातला बराच धोका मुळातच टळतो. टायफॉइडची नवी संयुग्मित लस एका टोच्यात देतात. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ती देण्याची मोहीम सुरू केली होती. मात्र ती नवा संसर्ग टाळते, आधीपासून वाहक असलेल्याच्या पित्ताशयातले जंतू काढत नाही. हिपॅटायटिस ए ची लसही आहे, आणि संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत घेतली तर तेव्हाही उपयोगी पडते. म्हणून एखाद्या कामगाराला ए ची कावीळ निघाली, तर त्याच दिवशी बाकीच्यांसाठी डॉक्टरांना विचारायला हवं.

या सगळ्याचा भार शेवटी मजुरीवर येऊन पडतो. मेरीला १९१० मध्ये ‘पुन्हा स्वयंपाक करणार नाही’ या बोलीवर सोडलं आणि धुलाईचं काम मिळालं. त्यात स्वयंपाकापेक्षा पैसे कमी होते. १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिरुग्णालयात स्वयंपाक करताना सापडली, तोवर तिथे २५ जणांना टायफॉइड होऊन २ दगावले होते. तिला पुन्हा बेटावर नेलं आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत तिथेच ठेवलं. आज रोजंदारीवरचा आचारीही कसकस, जुलाब, ताप लपवतो, कारण खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. आजारपणात पगारी सुट्टी आणि नमुने स्वच्छ येईपर्यंत गल्ल्यावर किंवा गोदामात पर्यायी काम, हे मालकाने आधीच कबूल केलेलं असेल, तरच माणूस पहिल्या दिवशी खरं सांगेल. वर्षातून एकदा मिळणाऱ्या दाखल्यापेक्षा हे सांगणं गिऱ्हाइकाला जास्त वाचवतं.