काकूंचं टॅक्सचं पत्र

गेल्या महिन्यात आमच्या लंडनच्या मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. "अरे, टॅक्सवाल्यांचं पत्र आलंय. माझं काय चुकलं रे?"

पत्र 'सिम्पल असेसमेंट'चं होतं, एप्रिल 2025 ला संपलेल्या वर्षाचं. रक्कम आधी ठळक, कारण मात्र आतल्या कोष्टकात. मी क्रम उलटा केला आणि मराठीत लिहून दिलं:

"काकू, तुमचं काही चुकलेलं नाही. हा दंड नाही. तुम्हाला आठवड्याला 255 पौंड स्टेट पेन्शन मिळाली, वर्षाचे झाले 13,260. त्यातले 12,570 करमुक्त. उरलेल्या 690 वर वीस टक्के, म्हणजे 138 पौंड. स्टेट पेन्शन कर न कापताच हातात येते आणि तुम्हाला दुसरी पेन्शन नाही, म्हणून तो मागाहून मागतात. करमुक्त मर्यादा 2021 पासून तीच आहे, पेन्शन मात्र दर एप्रिलला वाढते. 31 जानेवारी 2026 पर्यंत भरा. त्याआधी थोडेथोडे भरलेत तरी चालेल."

लिहिण्याआधी एक ताळा मात्र केला. पेन्शन खात्याच्या वार्षिक पत्रातला आठवड्याचा आकडा 52 ने गुणला आणि टॅक्सच्या कोष्टकाशी ताडून पाहिला. मोठा फरक निघाला असता, तर पत्राच्या तारखेपासून 60 दिवसांत कळवावं लागलं असतं.

काकूंनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे वाढवून दिलेल्यातलंच थोडं परत मागतायत होय!" म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.