दोन शब्दांवरून भाषा कशी ओळखायची?

महाराष्ट्रातल्या एखाद्या वीजपुरवठ्याच्या तक्रार सेवेकडे 'मीटर बंद' एवढाच संदेश येतो असे समजा. उत्तर आपोआप जाणार आहे, पण ते मराठीत द्यायचे की हिंदीत? हे दोन शब्द दोन्ही भाषांत जसेच्या तसे लिहिले जातात. भाषांचा जन्मभर अभ्यास केलेल्या माणसालाही एवढ्यावरून लिहिणाऱ्याची भाषा सांगता येणार नाही, मग संगणकाला ती कुठून कळणार?

भाषा ओळखणाऱ्या बहुतेक प्रणाली अर्थ पाहत नाहीत. त्या मजकुराचे दोन-तीन अक्षरचिन्हांचे लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा कोणत्या भाषेत किती वेळा आढळतो ते तपासतात. ही पद्धत कॅव्हनार आणि ट्रेंकल या संशोधकांनी 1994 मध्ये मांडली आणि लांब मजकुरावर ती उत्तम चालते. परिच्छेदात असे शेकडो तुकडे असतात, त्यामुळे दोन-चार फसवे निघाले तरी बाकीचे सावरून घेतात. 'मीटर बंद' मध्ये मात्र मात्रा, अनुस्वार आणि मधली मोकळी जागा धरून आठच चिन्हे आहेत. त्यांतून तीन-तीन चिन्हांचे सहाच तुकडे निघतात आणि ते सगळे दोन्ही भाषांत सापडतात.

पुढे 'आहे' आले असते, तर प्रश्न तिथेच सुटला असता. मराठीला हिंदीपासून वेगळे करणाऱ्या खुणा बहुधा अशा छोट्या शब्दांत असतात: आहे, नाही, मला, कधी. घाईत लिहिणारा माणूस नेमके हेच शब्द गाळतो. 'ळ' हे अक्षरही चांगली खूण आहे, पण ते कोकणीतही असल्याने गोव्यात तेवढ्यावर भागत नाही. रोमन लिपीत तर 'ळ' आणि 'ल' एकाच अक्षराने लिहिले जातात, म्हणून तिथे हीही खूण पुसली जाते.

खरा धोका पुढे आहे. ओळखणारी प्रणाली सहसा 'माहीत नाही' असे म्हणत नाही. फास्टटेक्स्टचे प्रसिद्ध मॉडेल 176 भाषा ओळखते. पुरावा कितीही तुटपुंजा असला, तरी ते सगळी शक्यता या भाषांमध्येच वाटते आणि त्यांतली एक भाषा वर येते. तिच्यासमोरचा आकडा मोठा दिसला, तरी छोट्या संदेशावर तो भरवशाचा नसतो. `langdetect` या संगणकीय साधनाचे निर्माते तर स्वतःच सांगतात, की मजकूर फार लहान किंवा संदिग्ध असेल, तर दर वेळी वेगळे उत्तर येऊ शकते.

म्हणून संदेशाबाहेरची माहिती मोजणीत धरावी लागते. समजा, या सेवेच्या शंभर ग्राहकांपैकी ऐंशी मराठीत लिहितात आणि वीस हिंदीत. 'मीटर बंद' दोन्हीकडे सारखेच संभवत असेल, तर संदेश वाचल्यावरही शक्यता ऐंशीला वीसच राहते. म्हणजे संदेशाने नवे काही सांगितलेच नाही. आता 'आहे' मराठीत शंभरपट जास्त संभवते असे धरले, तर ते प्रमाण चारशेला एक होते. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

यावरून उत्तराची भाषा ठरवण्याचा क्रम निघतो. ग्राहकाने आधी भाषा निवडली असेल, तर तीच अंतिम. नसेल, तर याच ग्राहकाचा मागचा लांब संदेश पाहावा. तोही नसेल, तर लिपी पाहावी आणि सेवा ज्या भाषांत चालते तेवढ्याच भाषांतून निवड करावी. इथे नेपाळी किंवा मैथिलीला उमेदवार ठेवले, तर फक्त चुका वाढतात. यानंतरही शंका उरली, तर आधी मराठीत आणि खाली हिंदीत असे दोन ओळींचे उत्तर पाठवावे आणि 'मराठी', 'हिन्दी' अशी दोन बटणे द्यावीत. प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत आणि तिच्याच रूपात असावे, म्हणजे दुसरी भाषा न येणाऱ्यालाही ते सापडते.

दोन ओळी जास्त वाचाव्या लागल्या, तर ग्राहकाचे फार बिघडत नाही. न कळणाऱ्या भाषेत सूचना आली, तर मात्र तक्रार तिथेच अडकते. शिवाय मराठीत चाललेला संवाद एका 'ओके'मुळे, नुसत्या मीटर क्रमांकामुळे किंवा गावाच्या नावामुळे दुसऱ्या भाषेत वळवू नये. भाषा बदलायची ती स्पष्ट खूण असलेल्या पूर्ण वाक्यावरून किंवा ग्राहकाने सांगितल्यावरच.

अशी सेवा उभारणाऱ्यांनी वर्तमानपत्री परिच्छेदांवर चाचणी घेऊन समाधान मानू नये. आपल्याकडे खरोखर येणारे एक-दोन शब्दांचे संदेश वेगळे काढून तपासावेत आणि किती ग्राहक उत्तर मिळताच दुसऱ्या भाषेचे बटण दाबतात, ते मोजत राहावे. तो आकडा वाढू लागला, तर ओळखीवरचा भरवसा कमी करून ग्राहकालाच आधी विचारावे.