फिरत्या पाळीची नोटीस: हिशेब फलकावर मांडा

'व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार येत्या 1 तारखेपासून नवीन शिफ्ट लागू होत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' अशी दोन ओळींची नोटीस लागली की त्या दिवशी कँटीनमध्ये दुसरा विषय नसतो. ज्यांची झोप, जेवण आणि मुलांच्या शाळेच्या वेळा या कागदामुळे बदलणार, त्यांना किमान त्यामागचा हिशेब तरी कळायला हवा.

समजा, चाकणला ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतणारा कारखाना आहे. भट्टी आठवड्याला थंड करून पुन्हा तापवणं परवडत नाही, म्हणून ती सातही दिवस पेटती ठेवतात. आठवड्याचे तास 168. तीन बॅचमध्ये वाटले तर प्रत्येकीला 56 येतात, आणि कायद्याची मर्यादा आहे 48. वरचे आठ तास दर आठवड्याला ओव्हरटाइममध्ये जातात. त्याचा दुप्पट पगार मिळतो, पण हक्काची सुट्टी बुडते. चौथी बॅच उभी केली की वाटणी 42 तासांवर येते. नोटिशीतलं पहिलं कारण हेच असावं, आकड्यांसकट.

चार बॅचचं चक्र आठ दिवसांचं: दोन दिवस पहिली पाळी (सकाळी 7 ते 3), दोन दिवस दुसरी (3 ते 11), दोन रात्री तिसरी (11 ते 7) आणि मग दोन दिवस सुट्टी. हा क्रम मुद्दाम पुढे सरकणारा ठेवलेला आहे. आपल्या शरीराचं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला लवकर उठण्यापेक्षा सोपं जातं. उलट्या क्रमात दुसरी पाळी रात्री 11 ला सुटते आणि पहिली सकाळी 7 ला उभी राहते. मध्ये आठ तास मिळतात. त्यातून बसचा येण्याजाण्याचा वेळ, जेवण आणि अंघोळ वजा केली तर पाच तासांची झोपही मिळणं कठीण. पुढे सरकणाऱ्या क्रमात पाळी बदलताना पूर्ण 24 तास मिळतात.

या पत्रकाची एक दुखरी बाजूही आहे आणि नोटिशीत ती लपवू नये. चक्र आठ दिवसांचं आणि आठवडा सात दिवसांचा, म्हणून सुट्टीचा वार सरकत जातो. लागोपाठ दोन रविवार मोकळे मिळतात, मग पुढचे सहा रविवार कामावर. शिवाय सुट्टीच्या पहिल्या दिवशी माणूस सकाळी 7 ला रात्रपाळी संपवून घरी येतो. तो दिवस बराचसा झोपण्यातच जातो. हे आधीच लिहिलेलं असलं तर लग्नकार्य, गावची जत्रा यांच्या तारखा लोक वेळीच पत्रकाशी ताडून पाहू शकतात.

बदल मागण्याची वाटही तितकीच स्पष्ट हवी: अर्ज कोणाकडे द्यायचा, किती दिवस आधी द्यायचा, उत्तर किती दिवसांत मिळणार. एक प्रसंग पाहू. क बॅचमधल्या ऑपरेटरच्या बहिणीचं लग्न त्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी आहे, म्हणून त्याला आदल्या रात्री मोकळं व्हायचंय. ड बॅचचा मित्र त्या दिवशी सुट्टीवर आहे आणि 'मी येतो' म्हणतो. सुपरवायझरने इथे नकार द्यायला हवा, कारण ती रात्र संपते सकाळी 7 ला आणि ड बॅचची पहिली पाळी सुरू होते त्याच 7 ला. म्हणजे सलग 16 तास काम! मार्ग ब बॅचमध्ये सापडतो, कारण तिच्या तेव्हा दोन दुसऱ्या पाळ्या चालू असतात. दोघांनी दोन्ही दिवस अदलाबदल केली तर क बॅचवाला रात्री 11 ला मोकळा होतो आणि कोणाचीही विश्रांती 16 तासांखाली जात नाही. ब बॅचवाल्याला मात्र सलग चार रात्री काढाव्या लागतात, म्हणून त्याची सही हवीच. शिवाय दोघंही त्याच मशीनवर काम करू शकणारे असावेत. एकाच रात्रीची अदलाबदल केली असती तर दोघांपैकी एकाला आठच तास मिळाले असते.

आजारपण, गरोदरपण किंवा घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस, अशा कारणांसाठी अदलाबदल पुरत नाही. तिथे ठरावीक काळासाठी पाळी बदलून मागण्याचा वेगळा अर्ज असावा आणि सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा. अर्ज कोणताही असो, नकार तोंडी नको. कारण लेखी मिळालं तरच तक्रार निवारण समितीपुढे जाता येतं.

पाळीची पद्धत बदलताना कामगारांना साधारणपणे 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही मुदत नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. हे दिवस शंका ऐकण्यासाठी वापरावेत, आणि कागद बहुतेकांना वाचता येईल त्या भाषेत, मराठीत आणि गरज असेल तर हिंदीतही लावावा. शेवटी आढाव्याची तारीख लिहावी, आणि ती आठ आठवड्यांनंतरची असावी. तेवढ्या काळात चक्र सात वेळा फिरतं आणि चारही बॅचच्या वाट्याला सारखेच रविवार व सारख्याच रात्री येतात. त्याआधी मत विचारलं तर ज्यांचे दोन मोकळे रविवार नुकतेच झाले ते पत्रकाला चांगलं म्हणतील आणि बाकीचे वाईट.